एक साखळी सेकंदात, एक शेवटच्या टक्क्यात

७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमजवळच्या वेंकटापुरम गावावर स्टायरिनची वाफ पसरली. बारा माणसं दगावली आणि शेकडो जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. वाफ आली होती शेजारच्या प्लास्टिक कारखान्याच्या साठवण टाकीतून. टाळेबंदीमुळे कारखान्यातलं उत्पादन थांबलेलं होतं. टाकीखाली कुठलीही भट्टी नव्हती आणि आतल्या द्रवात कुणी काही मिसळलंही नव्हतं. स्टायरिन नुसतं पडून होतं आणि पडल्यापडल्याच त्याचं पॉलिस्टायरिन होऊ लागलं. या क्रियेत उष्णता बाहेर पडते. त्या उष्णतेनं टाकीतलं तापमान १५० अंशांच्या पुढे गेलं, आणि स्टायरिन तर १४५ अंशांनाच उकळतं.

आता दुसऱ्या एका प्लास्टिकचा कच्चा माल पाहू. पाण्याच्या बाटल्या आणि टेरिकॉटचे शर्ट ज्यापासून होतात त्या पॉलिएस्टरला दोन पदार्थ लागतात. एक टेरेफ्थॅलिक आम्ल, म्हणजे गोण्यांत भरून येणारी पांढरी पूड; दुसरं एथिलीन ग्लायकॉल, म्हणजे गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात तो गोडसर आणि विषारी द्रव. हे दोन्ही एकत्र कालवून वर्षभर कोपऱ्यात ठेवले तरी पॉलिएस्टर तयार होणार नाही. ते करायला २५० अंशांच्या वरची उष्णता लागते, आणि शेवटी शेवटी तर भांड्यातली हवाही जवळजवळ पूर्ण काढून घ्यावी लागते.

दोन्हीकडे शेवटी मिळतात त्या लांबलचक साखळ्याच. तरी एक क्रिया थांबता थांबत नाही आणि दुसरी पुढे सरकता सरकत नाही. याचं कारण साखळी कशी वाढते यात आहे. रसायनशास्त्रात या दोन रीतींना साखळी-वृद्धी आणि पायरी-वृद्धी म्हणतात. त्या समजून घ्यायला मला एक प्रश्न सगळ्यात उपयोगी वाटतो: क्रिया अर्ध्यावर थांबवली, तर भांड्यात काय सापडेल?

आधी स्टायरिन. त्याच्या रेणूत दोन कार्बन अणू दुहेरी बंधानं जोडलेले असतात आणि त्यांतल्या एकाला बेंझिनचं कडं लटकलेलं असतं. पीव्हीसी, पॉलिथिन, ॲक्रिलिक यांचे मूळ रेणूही याच घडणीचे. कड्याच्या जागी दुसरं काही असतं एवढंच. त्या दुहेरी बंधाचा अर्धा भाग सैल असतो, पण आपण होऊन तो सहसा उघडत नाही. त्याला कुणीतरी छेडावं लागतं. कारखान्यात हे काम बेंझॉइल पेरॉक्साइडसारखे पदार्थ करतात. त्यांच्यात ऑक्सिजन-ऑक्सिजन असा एक कमकुवत बंध असतो. सत्तर-ऐंशी अंशांना तो तुटतो आणि दोन तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर एक एकटा, जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन उरतो. अशा तुकड्याला मुक्त मूलक म्हणतात.

हे मूलक स्टायरिनच्या दुहेरी बंधावर जाऊन बसतं, आणि तेही ठरावीक टोकाला, म्हणजे ज्या कार्बनला कडं नाही त्या बाजूला. बंधातला एक इलेक्ट्रॉन नव्या जोडणीत खर्च होतो आणि दुसरा पलीकडच्या, कडं असलेल्या कार्बनवर एकटा पडतो. कडं त्या एकट्या इलेक्ट्रॉनला थोडा आधार देतं, म्हणून जोडणी नेहमी याच दिशेनं होते. आता मूलक होतं तसंच आहे, फक्त एका घरानं पुढे सरकलंय. ते पुढच्या स्टायरिनला पकडतं, मग त्याच्या पुढच्याला. साठ अंश तापमानाला शुद्ध स्टायरिनमध्ये ही जोडणी सेकंदाला दोन-तीन हजार वेळा होते. म्हणजे हजार-दोन हजार घरांची साखळी सेकंदाभरात उभी राहते. मग कधीतरी अशी दोन वाढती टोकं एकमेकांना भेटतात, दोन एकटे इलेक्ट्रॉन जोडी करतात आणि दोन्ही साखळ्या एकत्र होऊन कायमच्या थांबतात. पॉलिस्टायरिनच्या साखळ्यांचा शेवट बहुतेक असाच होतो.

साखळी सेकंदात होत असेल तर भांडंभर स्टायरिन घट्ट व्हायला कित्येक तास का लागतात? कारण एका वेळी वाढत असलेल्या साखळ्या फारच थोड्या असतात. स्टायरिनच्या ऐंशी-नव्वद कोटी रेणूंमागे एखादंच टोक जिवंत असतं. नवी टोकं सावकाश जन्मतात, झपाट्यानं वाढतात आणि विझतात. तेव्हा क्रिया अर्ध्यावर थांबवली तर भांड्यात दोनच गोष्टी सापडतील: पूर्ण लांबीच्या साखळ्या आणि हातही न लागलेलं स्टायरिन. दोन-चार किंवा दहा-वीस घरांच्या अर्धवट साखळ्या जवळजवळ नसतातच. वेळ जातो तशी साखळ्यांची संख्या वाढते, सरासरी लांबी फारशी बदलत नाही.

या गोष्टीचा एक उपयोग स्टायरिनचे साठे सांभाळणाऱ्यांना रोजच्या तपासणीत होतो. टाकीतलं थोडं स्टायरिन काढून ते मिथेनॉलमध्ये मिसळतात. स्टायरिन मिथेनॉलमध्ये सहज विरघळतं, पॉलिस्टायरिन विरघळत नाही. म्हणून काचेच्या नळीत थोडीशी जरी धुरकट झाक आली तरी साखळ्या होऊ लागल्याचं समजतं, आणि धुरकटपणा मोजून त्यांचं प्रमाणही काढता येतं. लाखात एखादा भाग एवढं पॉलिमरही ही चाचणी पकडते. इतक्या लवकर इशारा मिळतो, कारण अगदी पहिल्या साखळ्यासुद्धा पूर्ण लांबीच्या असतात. सुरुवातीला दोन-दोनाचे तुकडे होत असते तर ते मिथेनॉलमध्ये मुकाट विरघळून गेले असते.

साठ्यातल्या स्टायरिनमध्ये पेरॉक्साइड कुणी घालत नाही, मग मूलकं येतात कुठून? स्टायरिनची ही वाईट खोड आहे: त्याचे रेणू उष्णतेनं आपापसात जुळूनही मूलकं तयार करतात. गारव्यात हे अगदी क्वचित घडतं, तापमान वाढेल तसं झपाट्यानं वाढतं. म्हणून साठा थंड ठेवतात आणि त्यात टीबीसी नावाचा रोधक मिसळतात. दहा लाख भागांत दहा-पंधरा भाग टीबीसी पुरतं, पण त्याला काम करायला द्रवात विरघळलेला थोडा ऑक्सिजन लागतो. मूलक आधी ऑक्सिजन पकडतं, मग टीबीसी त्याला एक हायड्रोजन देऊन गप्प करतं. प्रत्येक वेळी थोडं टीबीसी खर्ची पडतं, त्यामुळे ते अधूनमधून मोजून परत घालावं लागतं. विशाखापट्टणमच्या चौकशीत नेमक्या याच गोष्टी पुढे आल्या: टीबीसी अपुरं होतं आणि तापमान टाकीच्या तळाशीच मोजलं जात होतं. गरम द्रव वर चढतो, त्यामुळे तळाचा आकडा ठीक दिसत असताना वरचा थर तापत राहू शकतो.

एक किलो स्टायरिनचं पूर्ण पॉलिमर झालं तर जवळपास ६७० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. तेवढ्यात दोन लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीला येतं. मोठ्या टाकीतून ही उष्णता लवकर बाहेर पडत नाही. द्रव तापतो, मूलकं वाढतात, क्रिया आणखी वेग घेते. त्यात आणखी एक अडचण असते. द्रव दाट झाला की लांब साखळ्यांच्या टोकांना एकमेकांपर्यंत पोचता येत नाही, पण स्टायरिनचे छोटे रेणू त्यांच्यापर्यंत सहज पोचतात. म्हणजे साखळ्या वाढत राहतात, विझणं मात्र मंदावतं. अशा वेळी बाहेरून पाणी मारून टाकीचं पोट थंड होत नाही. रोखायचं ते पहिल्या धुरकट झाकेलाच.

पॉलिएस्टरचा संसार याच्या अगदी उलटा आहे. टेरेफ्थॅलिक आम्लाच्या रेणूला दोन टोकांना दोन आम्ल गट असतात आणि ग्लायकॉलच्या रेणूला दोन टोकांना दोन हायड्रॉक्सिल गट. आम्ल गटातल्या कार्बनला इलेक्ट्रॉनांची चणचण असते, कारण त्याच्या शेजारचे दोन्ही ऑक्सिजन ते आपल्याकडे ओढून घेतात. ग्लायकॉलचा ऑक्सिजन या कार्बनपाशी येऊन जोडला जातो, क्षणभर त्या कार्बनला चार हात झालेली अवघडलेली रचना होते, आणि मग पाण्याचा एक रेणू बाहेर टाकून ती मोकळी होते. जे उरतं तो एस्टर बंध. इथे मूलक नाही, जिवंत टोक नाही, आणि कोणा एकाला पहिला मानही नाही. कुठलंही आम्ल टोक कुठल्याही हायड्रॉक्सिल टोकाशी जुळू शकतं, मग ते टोक सुट्या रेणूचं असो की पन्नास घरांच्या साखळीचं. लांब साखळीचं टोक आळशी असेल असं वाटतं, पण पॉल फ्लोरी यांनी दाखवून दिलं की टोकाची तयारी साखळीच्या लांबीवर जवळजवळ अवलंबून नसते.

याचे परिणाम समजायला शाळेचं मैदान डोळ्यांपुढे आणा. हजार मुलं सुटी उभी आहेत. शिट्टी झाली की कुणीही शेजारच्याचा हात धरायचा. हात धरलेल्या रांगेच्या टोकाचा मुलगाही दुसऱ्या रांगेच्या टोकाला धरू शकतो. प्रत्येक नव्या पकडीनं रांगांची संख्या एकानं कमी होते. पाचशे पकडी झाल्या, म्हणजे काम अर्धं झालं, तर पाचशे रांगा उरतात, सरासरी दोघांची एक. साडेनऊशे पकडी झाल्या, म्हणजे ९५ टक्के काम झालं, तर पन्नास रांगा उरतात, वीस-वीस मुलांच्या. शंभराची रांग हवी असेल तर ९९० पकडी हव्यात, आणि दोनशेची हवी असेल तर ९९५. शेवटच्या एका टक्क्याच्या आधी लांब रांग मिळतच नाही.

हाच हिशेब वॉलेस कॅरोदर्स यांच्या समीकरणात आहे. अभिक्रिया झालेल्या टोकांचा वाटा p असेल तर साखळीची सरासरी लांबी 1/(1−p). आपला प्रश्न इथे विचारला तर उत्तर स्टायरिनच्या उलट येतं. अर्ध्यावर थांबवलेल्या पॉलिएस्टरच्या भांड्यात सुटा कच्चा माल सुमारे चतुर्थांशच उरलेला असतो आणि लांब साखळी एकही नसते. बाकी असतात ते बहुतेक दोन-चार घरांचे तुकडे. त्यांचा धागा ओढता येत नाही की बाटली फुगवता येत नाही.

अवघड आहे तो शेवटचा टक्का, कारण ही क्रिया उलटही फिरते. बाहेर पडलेलं पाणी एस्टर बंध परत तोडू शकतं. झाकण घट्ट लावून ठेवलं तर जोडणं आणि तुटणं लवकरच बरोबरीला येतं आणि सरासरी लांबी दोन-तीन घरांवरच अडकते. कितीही तास तापवा, पुढे सरकत नाही. कॅरोदर्स १९२८ मध्ये अमेरिकेत ड्युपॉन्टमध्ये रुजू झाले, तेव्हा त्यांची गाडी पाच-सहा हजारांच्या रेणुभारापाशी अशीच अडली होती. मग त्यांनी एक खास ऊर्ध्वपातन यंत्र वापरलं. त्यात वितळलेल्या पॉलिएस्टरच्या अगदी जवळ थंड पृष्ठभाग असतो आणि मधे निर्वात पोकळी. सुटलेला पाण्याचा प्रत्येक रेणू त्या थंड पृष्ठभागाला चिकटून बसतो, परत येत नाही. १९३० मध्ये त्यांचे सहकारी ज्युलियन हिल यांनी अशा पॉलिएस्टरमध्ये काचेची कांडी बुडवून वर ओढली आणि लांब धागा निघाला. थंड झाल्यावर तो पुन्हा ताणला तर आणखी लांबला आणि पहिल्यापेक्षा कितीतरी मजबूत झाला. रेणुभार बारा हजारांवर पोचला होता. हे पॉलिएस्टर शंभर अंशांच्या आतच वितळायचे, इस्त्रीला टिकणारे नव्हते. म्हणून कॅरोदर्स एस्टरऐवजी अमाइड बंधाकडे वळले आणि २८ फेब्रुवारी १९३५ रोजी त्यांच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झालं. साखळीत बेंझिनचं कडं घालून २५० अंशांच्या पुढे वितळणारं पॉलिएस्टर १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी केलं. त्याचंच नाव टेरिलीन, आणि आपल्याकडच्या टेरिकॉटमधला ‘टेरि’ तिथलाच.

आजच्या कारखान्यात हे दोन टप्प्यांत होतं. पहिल्या टप्प्यात आम्ल आणि थोडं जादा ग्लायकॉल अडीचशे-दोनशे साठ अंशांना तापवतात. पाणी उडून जातं आणि दोन्ही बाजूंना ग्लायकॉलची टोकं असलेले छोटे तुकडे उरतात. दुसऱ्या टप्प्यात तापमान २८० ते २९० अंश, सोबत अँटिमनीचं उत्प्रेरक आणि जोरदार व्हॅक्यूम. आता दोन ग्लायकॉल टोकं भेटतात, साखळ्या जोडल्या जातात आणि एक ग्लायकॉल बाहेर पडतं. यातली एक खुबी मला फार आवडते. एरवी पायरी-वृद्धीत दोन घटक अगदी समसमान लागतात. एकाचे रेणू शंभर आणि दुसऱ्याचे नव्व्याण्णव असतील, तर काम शंभर टक्के झालं तरी सरासरी लांबी दोनशेच्या पुढे जात नाही, कारण सगळ्या साखळ्यांच्या दोन्ही टोकांना जादा असलेलाच घटक उरतो. इथे मात्र जादा ग्लायकॉल व्हॅक्यूमनं ओढला जातो आणि प्रमाण आपोआप जुळत जातं. नायलॉनमध्ये ही सोय नाही. तिथे आम्ल आणि अमाइन यांचा आधी क्षार करून प्रमाण जुळवून घेतात.

साखळ्या वाढतात तसा लगदा काकवीपेक्षा दाट होतो आणि त्यातून ग्लायकॉल सुटेनासा होतो. म्हणून शेवटच्या भांड्यात मोठ्या तबकड्या फिरत असतात. त्या लगदा वर उचलून पातळ पापुद्र्यात पसरवतात, म्हणजे ग्लायकॉलला बाहेर पडायला वाट मिळते. भांडं उघडून साखळी मोजता येत नाही. कामगार पाहतात ते ढवळणाऱ्या मोटरचे अँपिअर: दाटपणा वाढला की मोटर जास्त वीज खाते, आणि ठरलेल्या आकड्याला माल खाली घेतात. उशीर केला तर २९० अंशांच्या उष्णतेनं साखळ्या तुटू लागतात, रंग पिवळट होतो आणि ॲसिटाल्डिहाइड तयार होतं. बाटलीतल्या पाण्याला कधीकधी जी विचित्र गोडसर चव येते ती त्याचीच. म्हणून बाटलीसाठी लागणारी जादा लांबी वितळलेल्या स्थितीत गाठत नाहीत. आधी चिप्स पाडतात आणि मग त्या घन चिप्स नायट्रोजनमध्ये २०० ते २२० अंशांना कित्येक तास ठेवतात. त्या तापमानाला चिप्स वितळत नाहीत, तरी आत टोकं जुळत राहतात.

एवढ्या कष्टानं कमावलेली लांबी पाण्याच्या किंचित ओलीनं जाते. समजा एका साखळीचा रेणुभार वीस हजार आहे. मग एक किलो चिप्समध्ये १/२० मोल, म्हणजे ५० मिलिमोल साखळ्या असतात. पावसाळी हवेत उघड्या राहिलेल्या चिप्स किलोला तीनेक ग्रॅम ओल सहज पितात; ते झाले १६७ मिलिमोल पाणी. या चिप्स तशाच यंत्रात वितळवल्या तर पाण्याचा एकेक रेणू एकेक बंध तोडतो. ५० साखळ्यांना १६७ काप, म्हणजे प्रत्येक साखळी तीनपेक्षा जास्त ठिकाणी तुटली. वीस हजारांचा रेणुभार पाच हजारांच्याही खाली आला. म्हणून बाटल्यांचे प्रीफॉर्म करणारे आधी चिप्स ड्रायरमध्ये १६०-१७० अंशांना चार-पाच तास सुकवतात आणि ओल किलोला ५० मिलिग्रॅमच्या खाली आणतात. तेवढ्या पाण्यात जेमतेम तीन मिलिमोल रेणू असतात आणि लांबीला पाचेक टक्क्यांचाच फटका बसतो. ड्रायर बिघडला की यंत्रातून लगदा पातळ, पाण्यासारखा येतो आणि त्याच्या बाटल्या ठिसूळ होतात. पॉलिस्टायरिनला हा त्रास होत नाही. त्याच्या कण्यात कार्बन-कार्बन बंधच आहेत आणि पाण्याला तिथे पकडायला काही नाही. ओल राहिली तर मालावर चंदेरी रेघा उमटतील, साखळी तुटणार नाही.

बाहेर पडणारा रेणू हा मात्र दोन रीतींमधला खरा फरक नाही. पॉलियुरेथेनमध्ये काहीच बाहेर पडत नाही, तरी ते पायरीनंच वाढतं. कॅरोदर्स यांनी १९२९ मध्ये पॉलिमरांची विभागणी ते घडताना काही बाहेर पडतं की नाही यावर केली होती. ती साखळी कशी वाढते यावर करणं जास्त बरोबर आहे, हे फ्लोरी यांनी पुढे ठसवलं, आणि ते पटतं, कारण भांड्यात अर्ध्या वाटेवर काय सापडेल हे त्यावरूनच कळतं.

पॉलिएस्टरची उलट फिरण्याची खोड वापरलेल्या बाटल्यांच्या कामी येते. स्वच्छ केलेले बाटल्यांचे तुकडे जादा ग्लायकॉलमध्ये उत्प्रेरकासह दोनशे अंशांच्या आसपास तापवले की साखळ्या तुटत तुटत पुन्हा दोन्ही टोकांना ग्लायकॉल असलेल्या छोट्या तुकड्यांपर्यंत येतात. कारखान्याच्या पहिल्या टप्प्याअखेर मिळतो तोच हा पदार्थ. तो गाळून, रंग आणि मळ काढून परत व्हॅक्यूमखाली चढवता येतो. अडचण असते ती गाळण्याची. बाटल्यांच्या ढिगात झाकणाचं पॉलिप्रॉपिलिन, लेबलचा गोंद आणि एखादी पीव्हीसीची बाटली आलेली असते. पीव्हीसी गरम झालं की हायड्रोजन क्लोराइड सोडतं आणि ते आम्ल पॉलिएस्टरच्या साखळ्या कापत सुटतं. पुनर्वापराच्या कारखान्यांत तुकडे वितळवायच्या आधी पीव्हीसी वेचून काढण्यावर एवढा भर असतो तो यामुळे.